विणलेल्या स्वेटरची दुमड आणि कंगोरेदार काठ : आतली पट्टी सैल हाताने कशी शिवावी? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की आमच्याकडे कापसाची वेचणी आणि लोकरीचे विणकाम ही दोन्ही कामे एकाच वेळी सुरू होतात. दिवसभर वावरात गेलेल्या बाया संध्याकाळी सुया हातात घेतात आणि संक्रांतीच्या आत घरातल्या लहानग्याचा स्वेटर अंगावर चढावा असा प्रत्येकीचा प्रयत्न असतो. गेली बरीच वर्षे मी गावातल्या आणि शेजारच्या दोन-तीन गावांतल्या बायामुलींना विणकाम शिकवते आहे. स्वेटरच्या खालच्या काठाची दुमड, तिच्या टोकाशी येणारे छोटे कंगोरे आणि आत वळवलेल्या पट्टीची शिलाई यांबद्दल मला पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहीत आहे. सगळी उत्तरे दोन वर्षांच्या मुलाच्या एका साध्या, गळ्यातून घालायच्या स्वेटरला धरून दिली आहेत.

दुमडीचा काठ म्हणजे नेमके काय? आपण नेहमी घालतो ती 'एक सुलट, एक उलट' बॉर्डर का नको?

साधी वीण, म्हणजे समोरून सुलट आणि मागून उलट अशी ओळीआड विणलेली वीण, मोकळी सोडली की खालच्या कडेला समोरच्या बाजूने गुंडाळत वर जाते. ती गुंडाळू नये म्हणून आपण काठाला वेगळे काहीतरी करतो. एक सुलट एक उलट बॉर्डर हा त्याचा नेहमीचा उपाय आहे. ती बॉर्डर आत ओढून धरते, त्यामुळे मनगटाला आणि कमरेला घट्ट बसते. दुमड तसे करत नाही. दुमडीत काठाची पट्टी आधी विणायची, ती आत वळवायची आणि मागच्या बाजूला शिवून टाकायची. त्यामुळे काठ दुहेरी होतो, सरळ खाली पडतो आणि अंगाला आवळत नाही. लहान मुलाच्या पोटावर स्वेटर आवळलेला नको असतो, म्हणून झबल्यासारख्या सैल स्वेटरला दुमड फार शोभते. ज्या ठिकाणी पकड हवी आहे, उदाहरणार्थ मोज्याचा वरचा भाग, तेथे मात्र नेहमीची बॉर्डरच घालावी.

साडीला करतात तो पिको आणि हा पिकोचा काठ एकच का?

शब्द एकच आहे, काम वेगळे आहे. साडीचा पिको यंत्रावर काठ दुमडून दाट टाक्यांनी केला जातो. विणकामातला पिको सुयांवरच तयार होतो. घडीच्या ओळीत एकाआड एक छिद्रे पाडायची आणि पट्टी त्या छिद्रांवर बरोबर मधोमध दुमडायची. प्रत्येक छिद्राचा अर्धा भाग समोर आणि अर्धा मागे जातो, आणि दोन छिद्रांमधला टाका लहान दातासारखा पुढे येतो. आमच्याकडच्या बाया या दातांना कंगोरेच म्हणतात, आणि तोच शब्द मी पुढे वापरला आहे.

उदाहरणाच्या स्वेटरसाठी लोकर, सुया आणि टाके किती घ्यायचे?

चार पदरी लोकर, अंगासाठी १० नंबरच्या सुया आणि आतल्या पट्टीसाठी १२ नंबरच्या सुया घ्याव्यात. आपल्या बाजारात अजूनही जुन्या नंबरांच्या सुया मिळतात आणि त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते, हे नव्याने शिकणाऱ्या मुली हमखास उलटे समजतात. १० नंबरची सुई ३.२५ मिलिमीटरची आणि १२ नंबरची २.७५ मिलिमीटरची असते.

माझ्या हाताने या लोकरीत १० नंबरच्या सुयांवर १० सेंटिमीटर रुंदीत २८ टाके आणि १० सेंटिमीटर उंचीत ३६ ओळी येतात. आपला हात घट्ट किंवा सैल असेल तर आकडा बदलेल, म्हणून आधी एक चौकोनी नमुना विणून मोजावा. या हिशेबाने पाठीसाठी ८० आणि पोटासाठी ८० टाके घ्यावेत. दोन्ही बाजूंचा एकेक टाका शिलाईत जातो, म्हणजे प्रत्येक भागाचे ७८ टाके दिसतात आणि ते साधारण २८ सेंटिमीटर भरतात. तयार स्वेटरचा घेर ५६ सेंटिमीटर होतो.

आतली पट्टी बारीक सुईने का विणायची? टाके कमी घेतले तर चालणार नाही का?

दुमडल्यावर पट्टी आतल्या बाजूला जाते. दोन नळ्या एकमेकींत घातल्या तर आतली नळी बाहेरच्या नळीपेक्षा थोडी लहानच असावी लागते, नाहीतर ती बाहेरच्या नळीला फुगवते. पट्टी आणि अंग एकाच सुईने विणले की स्वेटरचा खालचा काठ घंटेसारखा उघडतो. हा दोष सुयांवर असताना अजिबात दिसत नाही. स्वेटर मुलाच्या अंगावर चढल्यावरच काठ पोटापासून दूर उभा राहिलेला दिसतो.

टाके कमी घेण्याची पद्धतही आहे. पट्टीला सुमारे दहावा हिस्सा टाके कमी घालायचे आणि घडीपाशी ते वाढवून घ्यायचे. पण मी ती शिकवत नाही, आणि त्याचे कारण शिलाईत आहे. ८० टाक्यांची पट्टी ८० टाक्यांच्या अंगाला शिवताना प्रत्येक टाक्याची जोडी त्याच्या समोरच्या टाक्याशी लागते. ७२ टाक्यांची पट्टी असली की कुठे एकास एक आणि कुठे एकास दोन असा हिशेब शिवताना सांभाळावा लागतो, आणि तो संध्याकाळच्या अंधुक उजेडात चुकतोच. सुई बदलली की टाक्यांची संख्या तीच राहते आणि रुंदी आपोआप कमी होते.

कंगोऱ्यांची ओळ टाक्याटाक्याने सांगाल का?

सुरुवातीला ८० टाके १० नंबरच्या सुईवर सैल घालावेत आणि पहिली ओळ विणताना १२ नंबरच्या सुया घ्याव्यात. पहिली ओळ सुलट, दुसरी उलट, अशा ८ ओळी विणाव्यात. ही झाली आतली पट्टी.

नववी ओळ समोरची येते आणि ती कंगोऱ्यांची असते. एक टाका सुलट विणावा. मग लोकर पुढे घेऊन सुईवर एक वेढा घ्यावा आणि पुढचे दोन टाके एकत्र सुलट विणावेत. 'वेढा आणि जोडटाका' हे ३९ वेळा करावे. शेवटी एक टाका उरतो, तो सुलट विणावा. जोडटाक्याने एक टाका कमी होतो आणि वेढ्याने एक वाढतो, त्यामुळे ओळीच्या शेवटी सुईवर पुन्हा ८० टाके असले पाहिजेत. येथे थांबून मोजावेच. ७९ भरले तर कुठेतरी वेढा राहिला आहे, आणि त्या जागी दात येणार नाही. तो दोष शिवल्यावर पडलेल्या दातासारखा नजरेत भरतो.

दहावी ओळ मागची, पूर्ण उलट विणावी. वेढाही इतर टाक्यांसारखाच समोरच्या धाग्यातून उलट विणायचा. मागच्या धाग्यातून विणला तर तो पिळला जातो, छिद्र आवळते आणि दात बसका होतो. यानंतर १० नंबरच्या सुया घेऊन अंग विणायला सुरुवात करावी. पूर्ण स्वेटरभर मिळून ७८ दात येतात आणि एकेक दात सुमारे ७ मिलिमीटर रुंद असतो. दात अधिक उठावदार हवे असतील तर फक्त नववी ओळ १० नंबरच्या सुईने विणून पाहावी. छिद्रे थोडी मोठी होतात.

दात नको असतील आणि सरळ, धारदार घडी हवी असेल तर नवव्या ओळीत समोरच्या बाजूने सगळे टाके उलट विणावेत. बाकी सर्व कृती हीच राहते.

आधी बाजू शिवायच्या की आधी पट्टी?

आधी बाजू शिवाव्यात. बाजूची शिलाई पट्टीच्या खालच्या टोकापासून वरपर्यंत सलग न्यावी, आणि मग दुमड एकाच गोल फेरीत शिवावी. उलट क्रमाने केले तर बाजूच्या शिलाईत चार थर एकत्र येतात आणि मुलाच्या बरगडीशी एक कडक गाठ बसते. पट्टीच्या ओळींमध्ये बाजू शिवताना कडेचा पूर्ण टाका आत न घेता अर्धाच घेतला तर जाडी आणखी कमी होते.

पट्टी नेमकी कोणत्या ओळीला शिवायची, हे कसे ठरवावे?

या प्रश्नावर बहुतेक जणी घाई करतात, आणि माझ्या मते अर्ध्या दुमडी येथेच बिघडतात. पट्टीच्या आठ ओळी मोजून बाहेरच्या बाजूलाही आठ ओळी मोजल्या की झाले, असे वाटते. पण पट्टी बारीक सुईवरची आहे, तिच्या ओळी बुटक्या आहेत. आठव्या ओळीपर्यंत तिला ओढले तर कंगोरे आत वळतात आणि समोरून दिसेनासे होतात.

म्हणून स्वेटर उलटा करून सपाट जागेवर ठेवावा, घडी छिद्रांवर बरोबर पाडावी, पट्टी न ओढता वर टेकवावी आणि तिची कड कोणत्या ओळीवर आपणहून पोचते ते पाहावे. माझ्या विणीत ती कंगोऱ्यांपासून सातव्या ओळीवर पोचते. मग शिवायच्या सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा घ्यावा आणि त्या एकाच ओळीच्या आतल्या उंचवट्यांखालून तो स्वेटरच्या पूर्ण घेरातून फिरवून ठेवावा. पांढऱ्या स्वेटरला लाल दोरा वापरू नये, त्याचे रंगीत तंतू मागे राहतात. फिका निळा बरा. ही खूण घालायला दहा-पंधरा मिनिटे लागतात, पण त्यानंतर शिवताना ओळ शोधावी लागत नाही. खुणेच्या दोऱ्याशिवाय शिवले की माझाही हात हळूहळू एक ओळ वर किंवा खाली सरकतो.

आता प्रत्यक्ष शिलाई. सुई, दोरा आणि टाका कसा घ्यावा?

सुई बोथट टोकाची आणि मोठ्या नाक्याची घ्यावी. टोकदार सुई लोकरीचे पदर फोडते, आणि फुटलेल्या पदरातून ओवलेला धागा सरकत नाही. दोरा म्हणून स्वेटरचीच लोकर घ्यावी. शिवणाचा रीळाचा दोरा अजिबात घेऊ नये, कारण लोकर ताणली जाते आणि तो ताणला जात नाही. पहिल्या दिवशीच तो एक तर तुटतो किंवा टाका कापतो. दुमडीच्या लांबीच्या सुमारे तिप्पट लोकर लागते. ५६ सेंटिमीटरच्या घेराला एकच लांब धागा घेण्यापेक्षा एकेक मीटरचे दोन तुकडे घ्यावेत आणि एकेक बाजूच्या शिलाईपासून सुरू करावेत. लांब धागा वारंवार कापडातून ओढला गेला की विरविरीत होतो.

सुरुवातीला गाठ मारू नये. १५ सेंटिमीटर शेपूट मोकळे सोडावे. आता स्वेटरच्या आतल्या बाजूकडे नीट पाहावे. साध्या विणीच्या मागच्या बाजूला प्रत्येक टाक्याच्या दोन कमानी दिसतात, एक वर वळलेली आणि एक खाली वळलेली. खुणेच्या ओळीतली नेहमी वर वळलेलीच कमान घ्यायची, असे मनाशी ठरवून टाकावे. सुई त्या कमानीच्या फक्त धाग्याखालून काढावी; कापडातून आरपार जाऊ देऊ नये. मग पट्टीच्या कडेचा, अगदी समोर येणारा सुरुवातीचा टाका उचलावा. धागा ओढून घ्यावा, पण कापडाला टेकला की थांबावे. पुढची कमान, पुढचा कडेचा टाका, असे एकास एक करीत जावे. समोर येणारा टाका कोणता हे ओळखायला पट्टीवरच्या सुलट टाक्यांचा उभा रकाना उपयोगी पडतो. घडीपासून वर येणारा रकाना बोटाने धरून कडेपर्यंत न्यावा. तो ज्या टाक्यात संपतो तोच टाका.

दर आठ-दहा टाक्यांनंतर सुई सोडून द्यावी, शिवलेला भाग दोन्ही हातांनी आडवा ताणावा आणि सोडावा. ताणताना दोरा स्वतःच हवी तेवढी लांबी सुईच्या बाजूने ओढून घेतो. हाताने सैल ठेवण्याचा अंदाज नव्या शिकणारीला येत नाही, पण ताणून सोडण्याची सवय लागली की अंदाजाची गरजच पडत नाही. मी शिकवताना प्रत्येकीला मोठ्याने टाके मोजायला लावते आणि दहावा टाका आला की ताणायला लावते.

हे काम सकाळी ओसरीवर, उजेडात करावे. वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी बोटे ओरखडलेली असतात आणि कृत्रिम लोकर त्या खरखरीत कातडीला अडकत राहते. अशा वेळी शिलाई दुसऱ्या दिवसावर टाकलेली बरी, कारण अडकणारा धागा आपण नकळत ओढतो आणि शिलाई घट्ट होते.

'सैल' म्हणजे किती सैल?

शिवलेला काठ त्याच्या वरच्या मोकळ्या विणीइतका ताणला गेला पाहिजे. मोजपट्टीने मोजायचे असेल तर दुमडीच्या बरोबर वरच्या भागातले १० सेंटिमीटर हाताने सहज ताणून किती होतात ते पाहावे, आणि मग दुमडीवरचे १० सेंटिमीटर तसेच ताणून पाहावे. माझ्या स्वेटरमध्ये वरचा भाग सहज १४ सेंटिमीटरपर्यंत जातो आणि चांगली शिवलेली दुमड १३ च्या पुढे जाते. दुमड ११ वर अडली आणि मागच्या दोऱ्याची रेघ कडक झाली, तर ती शिलाई उसवावी.

मी शिकत होते तेव्हा पहिली दुमड परकराची तुरपाई करतात तशी, पक्की आणि एकसारखी शिवली होती. दिसायला ती सुंदर होती. माझ्या भाच्याच्या डोक्यातून स्वेटर खाली ओढला तेव्हा काठ त्याच्या खांद्यांवर अडकला, मी जरा जोर केला आणि आत एकामागून एक चार ठिकाणी दोरा तुटल्याचा आवाज आला. कापडाच्या तुरपाईत कापड ताणले जात नाही म्हणून दोरा घट्ट असला तरी चालते. विणलेल्या काठाला तोच हात लावता येत नाही.

मात्र सैल म्हणजे लोंबता टाका नव्हे. दोन टाक्यांमध्ये आत मोकळे फासे राहिले तर लहान मुलाची बोटे आणि पायातले वाळे त्यात अडकतात. सपाट ठेवल्यावर दोरा कापडाला टेकलेला दिसावा आणि ताणल्यावरच त्याची राखलेली लांबी उघडावी.

समोरच्या बाजूने शिलाईची आडवी रेघ दिसते. काय चुकले?

दोन कारणे असू शकतात आणि ती वेगळी ओळखता येतात. स्वेटर आडवा हलकेच ताणावा. ताणल्यावर रेघ अधिक खोल झाली तर दोरा घट्ट आहे. ताणल्यानेही रेघ बदलली नाही आणि तिच्यात ठिकठिकाणी लहान ठिपके दिसले, तर सुई कमानीऐवजी टाक्याच्या पोटातून गेली आहे आणि दोरा समोर डोकावतो आहे. पहिल्या दोषात पूर्ण शिलाई उसवून पुन्हा घालावी लागते. दुसऱ्यात तेवढेच टाके उसवून दुरुस्त करता येतात. घट्ट दोरा धुतल्यावर सैल होईल, अशी आशा धरू नये.

दुमड तिरकी होऊन पिळल्यासारखी दिसते. का?

पट्टीचा टाका त्याच्या स्वतःच्या रकान्यातल्या कमानीला न लागता शेजारच्या रकान्याला लागला आहे. एका टाक्याची चूक झाली की पुढचे सगळे टाके त्याच चुकीने लागत जातात, आणि पट्टी तिरकी ओढली जाऊन दात एका बाजूला झुकतात. यावर मी एक साधा उपाय करते. शिवण्याआधी पूर्ण घेरात दर २० टाक्यांवर एक उभी टाचणी लावते, खाली दाताच्या टोकापासून वर पट्टीच्या कडेपर्यंत एकाच रकान्यातून. शिवत शिवत टाचणीपाशी आल्यावर रकाना जुळला नाही, तर चूक मागच्या वीस टाक्यांतच असते. रंगीत डोक्याच्या टाचण्या घ्याव्यात आणि मूल जवळपास असेल तर काम झाल्यावर त्या मोजून डबीत ठेवाव्यात.

सुरुवातीचे टाकेच घट्ट पडले आहेत आणि आता स्वेटर विणून झाला. सगळे उसवायचे का?

नाही. सुरुवातीची कड घट्ट असेल तर शिलाई कितीही सैल केली तरी काठ ताणला जाणार नाही, एवढे मात्र खरे. पण ती कड काढून टाकता येते. कडेच्या वरच्या ओळीतला, कडेपासून थोडा आतला एक टाका कात्रीने कापावा, आणि त्या ओळीचा धागा टाक्याटाक्यातून सोडवत न्यावा. कड सुटी होते आणि वरच्या ओळीचे फासे मोकळे पडतात. ते एकेक करून बारीक सुईवर उचलून घ्यावेत. खालून उचलताना फासे अर्ध्या टाक्याने सरकतात, म्हणून एखादा कमी भरला तर घाबरू नये. मग हे मोकळे फासे बंद न करताच, एक फासा एक कमान असे, थेट आत शिवावेत. प्रत्येक फाशात शिवणाचा धागा गेला की तो उसवत नाही.

खरे तर ही शिलाई कडेच्या शिलाईपेक्षा अधिक लवचीक आणि पातळ होते. वरून खाली विणलेल्या टोपीची किंवा बाहीची दुमड मी नेहमी अशीच शिवते, म्हणजे शेवटी टाके बंद करीतच नाही.

शिवण्याऐवजी पट्टीचे टाके अंगाच्या टाक्यांबरोबर विणून जोडले तर?

तसे करता येते. अंगाच्या योग्य ओळीवर पोचल्यावर पट्टीच्या कडेचे टाके दुसऱ्या सुईवर उचलायचे, पट्टी मागे वळवायची आणि पुढचा एक व मागचा एक असे दोन-दोन टाके एकत्र विणत जायचे. वेळ वाचतो. पण जोडाची ओळ थोडी जाड होते आणि समोरून बारीक रेघ दिसते. शिवाय एक टाका चुकला तर तो कळेपर्यंत वर बरेच विणून झालेले असते. शिलाई उसवून पुन्हा घालता येते, म्हणून मी शिलाईलाच पसंती देते.

जाड लोकरीला किंवा सुती धाग्याला दुमड घालता येते का?

जाड लोकरीची दुमड दुहेरी झाल्यावर काठ दोरखंडासारखा होतो. तेथे आतली पट्टी त्याच रंगाच्या पातळ लोकरीने विणावी. रंग थोडा वेगळा असला तरी तो आत जातो, आणि दातांच्या टोकाशी दिसणारी दुसऱ्या रंगाची किंचित रेघ पुष्कळदा चांगलीच दिसते. पातळ लोकर घेतल्यास १२ नंबरच्या सुया कदाचित जास्तच बारीक होतील, म्हणून पट्टीची रुंदी अंगाच्या रुंदीपेक्षा थोडीच कमी भरते आहे ना, हे नमुन्यावर पाहून घ्यावे.

सुती धाग्याला उसळी नसते. तो ताणला की लोकरीसारखा मागे येत नाही आणि धुतल्यावर काठ लोंबतो. सुती झबल्याला दुमड घालायचीच असेल तर पट्टी ८ ऐवजी ५ किंवा ६ ओळींचीच ठेवावी. पाच ओळी घेतल्या तर पहिली ओळ उलट विणून सुरू करावी, म्हणजे कंगोऱ्यांची ओळ समोरच्या बाजूलाच येते.

शिवल्यावर इस्त्री करावी का?

कृत्रिम लोकरीवर गरम इस्त्री टेकवू नये. उष्णतेने तिचा जीव जातो, म्हणजे वीण कायमची लुळी पडते, आणि दात एकदा चपटे झाले की परत उठत नाहीत. काठ थंड पाण्यात भिजवावा, न पिळता टॉवेलात दाबून पाणी काढावे, गादीवर सपाट पसरून प्रत्येक दात बोटाने ओढून उठवावा आणि सावलीत वाळू द्यावा. खुणेचा दोरा वाळल्यानंतर काढावा.

मूल वाढल्यावर परकराची दुमड सोडतात तशी ही दुमड सोडून लांबी वाढवता येईल का?

नाही. दुमड उलगडली तर मधोमध छिद्रांची ओळ दिसेल आणि तिच्याखालचा भाग बारीक सुईचा असल्यामुळे आत ओढलेला राहील. लांबी वाढवायची असेल तर दुमड उसवावी, बाजूंची शिलाई तेवढ्या भागात सोडवावी, घडीच्या वरची एक ओळ वर सांगितल्याप्रमाणे कापून अंगाचे फासे १० नंबरच्या सुईवर घ्यावेत आणि खाली हवे तेवढे विणून शेवटी पुन्हा कंगोऱ्यांची ओळ व आठ ओळींची पट्टी घालावी. यासाठी स्वेटर विणतानाच त्याच लॉटमधली एक लडी बाजूला ठेवावी. दुसऱ्या वर्षी दुकानात त्याच रंगाची लोकर मिळाली, तरी तिची छटा पहिल्या लोकरीशी जुळेलच असे नाही.